आत्महत्येबद्दल सरळ विचारा

प्रति,
संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शहरातील एका महाविद्यालयाने विद्यार्थ्यांसाठी रात्रीची हेल्पलाइन सुरू केल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. उपक्रम चांगला आहे. पण स्वयंसेवकांना दिलेल्या सूचनांपैकी जी आपण ठळक छापली आहे, ती वाचून लिहायला बसलो: 'मरणाचा विषय आपणहून काढू नये, बोलणे दुसरीकडे वळवून मन रमवावे.' मी पुण्यातच अशा कामात बरीच वर्षे आहे आणि नव्या स्वयंसेवकांना शिकवतो. आमच्याकडे शिकवतात ते याच्या नेमके उलट.

आत्महत्येबद्दल विचारले तर तो विचार डोक्यात शिरेल, ही भीती जवळजवळ प्रत्येक नव्या मुलामुलीला असते. २०१४ साली या विषयावरच्या १३ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. विचारल्यामुळे आत्महत्येचे विचार वाढल्याचे त्यातल्या एकाही अभ्यासात ठोसपणे दिसले नव्हते. आमचा अनुभवही तसाच आहे. सरळ विचारले की पलीकडे बहुतेकदा एक लांब श्वास ऐकू येतो, आणि मग माणूस खरे बोलायला लागतो.

अवघड असते ते विचारण्याची पद्धत. आम्ही सरावासाठी एक रचलेला फोन वापरतो. सदाशिव पेठेत कॉटबेसिसवर राहणारा, २६ वर्षांचा मुलगा. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा पुन्हा हुकली आहे. घरून पैसे येतात ते बहिणीच्या लग्नासाठी साठवलेल्यातून. रात्री एक वाजता तो म्हणतो, "आता सगळ्यांना मोकळं करावं म्हणतो." यावर नव्या स्वयंसेवकाच्या तोंडून हमखास निघते, "अरे, आईवडिलांचा विचार कर ना!" तो तर दिवसभर त्यांचाच विचार करतो आहे! आपण त्यांच्यावर भार आहोत हेच त्याचे दुखणे, आणि या वाक्याने त्यात भरच पडते. दुसरी नेहमीची चूक अशी, "तसलं काही मनात नाही ना तुमच्या?" या प्रश्नाला 'नाही' एवढेच उत्तर मिळते, कारण विचारणाऱ्याला तेच ऐकायचे आहे हे पलीकडच्याला लगेच कळते.

आमच्या संहितेत या जागी आधी ऐकणे आहे. त्याने जे सांगितले तेच थोडक्यात त्याला परत सांगायचे: "इतकी वर्षं अभ्यास केलात, पैसे बहिणीच्या वाट्याचे, आणि आता घरी काय सांगायचं ते सुचत नाहीये." मग गप्प बसायचे. ही शांतता नव्या लोकांना सोसत नाही, ते सल्ले सुरू करतात. पलीकडून 'हं', 'बरं', 'बघतो' अशी तुटक उत्तरे यायला लागली, की समजावे आपण जास्त बोलतो आहोत. तो पुन्हा मोकळा बोलू लागला, की नेहमीच्याच आवाजात विचारायचे, "मोकळं करावं म्हणालात, म्हणजे आत्महत्येचा विचार येतोय का मनात?"

'हो' आले की घाबरून थांबायचे नाही. सांगितल्याबद्दल बरे वाटले असे म्हणायचे आणि एकेक पायरी पुढे जायचे. हे विचार कधीपासून आहेत? काही करायचे ठरवले आहे का? त्यासाठी लागणारे काही आत्ता हाताशी आहे का? आजच रात्री? पूर्वी कधी प्रयत्न केला होता का? आज दारू घेतली आहे का? आत्ता खोलीत कोणी सोबत आहे का? चौकशी अर्जासारखी हे प्रश्न ओळीने वाचायचे नाहीत, पण एकही गाळायचा नाही. आजच करायचे ठरले आहे आणि साधन जवळ आहे असे निघाले, तर फोन ठेवायचा नाही. शेजारच्या स्वयंसेवकाने ताबडतोब पर्यवेक्षकाला उठवायचे. पत्ता आणि जवळच्या माणसाचा नंबर शक्यतो त्याच्या संमतीने मिळवायचा आणि गरज पडल्यास ११२ ला कळवायचे. म्हणूनच 'मी कोणालाही सांगणार नाही' असे वचन आम्ही कधीच देत नाही. जीव धोक्यात असला तर गुप्तता राहत नाही, हे विचारले तर स्पष्ट सांगतो.

एक मर्यादा मात्र मान्य करायला हवी. या उत्तरांवरून कोण काय करेल याचे भाकीत करता येत नाही. आज रात्री काय करायचे, एवढेच त्यातून ठरते.

आमच्या सरावातला मुलगा सांगतो की विचार रोज येतात, पण आज काही करायचे ठरवलेले नाही. इथे पुष्कळ जण "मग मला वचन द्या, असं काही करणार नाही" म्हणून फोन संपवतात. अशा वचनाचा उपयोग होतो याला पुरावा नाही. वर वचन मोडण्याची लाज वाटून तो पुढच्या वेळी फोनच करत नाही. त्याऐवजी सुरक्षा आराखडा करायचा. बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी त्याची पद्धत बसवली. तो त्याने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या शब्दांत लिहायचा.

सुरुवात धोक्याच्या खुणेपासून. 'वाईट वाटते' ही खूण फार ढोबळ झाली. थोडे खणल्यावर तो सांगतो, "घरचा फोन येऊन गेला की मी दिवा बंद करून पडून राहतो." ही खरी खूण. मग तेव्हा एकट्याने काय करता येईल? तो म्हणतो, खाली उतरून चहाच्या टपरीपर्यंत चालेन. आपण विचारायचे, "रात्री एकला टपरी उघडी असते का?" नसते. मग दुसरे काही शोधायचे. पुढे माणसे. 'मित्राला सांगेन' यावर थांबायचे नाही. कोणता मित्र, तो त्या वेळी फोन उचलेल का, आणि पहिले वाक्य काय म्हणणार? तो अडखळत लिहितो, "झोप येत नाही, जरा बोलशील का?" एवढे पुरते. त्याखाली व्यावसायिक मदत लिहायची. शेवटी, ज्या साधनाचा विचार मनात येतो ते खोलीतून कसे दूर होईल आणि त्यात कोण मदत करेल, हेही ठरवायचे. तीव्र ऊर्मी अनेकदा थोड्या वेळाने ओसरते, म्हणून मधले अंतर वाढवणे फार महत्त्वाचे. प्रत्येक ओळीनंतर एकच प्रश्न, "हे खरंच कराल का? आड काय येईल?"

२०१८ च्या एका अमेरिकी अभ्यासात, रुग्णालयाच्या तातडीच्या विभागातून असा आराखडा घेऊन गेलेल्या आणि नंतर पाठपुराव्याचे फोन मिळालेल्या रुग्णांत, पुढच्या सहा महिन्यांत आत्मघाती वर्तन सुमारे ४५ टक्के कमी आढळले होते. ते श्रेय आराखडा आणि फोन दोघांचे मिळून आहे. त्यामुळे महाविद्यालयाने दुसऱ्या दिवशी फोन कोण करणार हेही ठरवावे, अर्थात समोरच्याला विचारूनच. ती छापील सूचना मात्र आजच काढून टाकावी आणि रात्रपाळी देण्याआधी प्रत्येकाकडून असे सरावाचे फोन करून घ्यावेत.

हे वाचणाऱ्या कोणाच्या मनात असे विचार येत असतील, तर केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येते.

आपला,
एक स्वयंसेवक, कोथरूड, पुणे