आर आणि गुंठा यांच्या गोंधळामुळे चुकलेले अंदाजपत्रक दुरुस्त करून मिळण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
अंदाजपत्रक व साहित्य पुरवठा विभाग

विषय : मालवण तालुक्यातील घराच्या अंदाजपत्रकात प्लॉटचे क्षेत्रफळ चुकीचे धरल्याबाबत तक्रार

महोदय,

मालवण तालुक्यातील माझ्या बिनशेती प्लॉटवर घर बांधण्यासाठी आपल्या कंपनीने मला साहित्याचे अंदाजपत्रक दिले असून त्याच्या आधारे आगाऊ रक्कमही घेतली आहे. हे अंदाजपत्रक मी सातबारा आणि मोजणीचा नकाशा शेजारी ठेवून ओळीने तपासले. त्यात ज्या आकड्यावर पुढचे सारे हिशेब उभे आहेत, तो प्लॉटच्या क्षेत्रफळाचा आकडाच चुकला आहे, असे मला आढळले. मातीचा पहिला डंपर प्लॉटवर येण्यापूर्वी ही चूक दुरुस्त व्हावी, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझ्या सातबाऱ्यावर क्षेत्र ०.०५.२० असे आहे. हा आकडा हेक्टर, आर आणि चौरस मीटर या क्रमाने वाचायचा असतो. म्हणजे हेक्टर शून्य, आर पाच आणि वर वीस चौरस मीटर. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणून प्लॉट ५२० चौरस मीटरचा आहे. आपल्या अंदाजपत्रकाच्या पहिल्या पानावर मात्र त्याचे ‘५.२० गुंठे’ झाले आहेत. आपल्याकडे जमिनीच्या व्यवहारात आरलाच गुंठा म्हणण्याची सवय आहे आणि तोंडी बोलण्यात ते खपूनही जाते. पण गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, अर्थात १,०८९ चौरस फूट किंवा १०१.१७ चौरस मीटर. आर त्याहून किंचित लहान, सुमारे १,०७६ चौरस फुटांचा. त्यामुळे ५२० चौरस मीटरचे खरे गुंठे ५.१४ होतात आणि चौरस फूट ५,५९७ होतात. आपण ५.२० ला १,०८९ ने गुणून ५,६६३ चौरस फूट काढले आहेत.

हा फरक ६६ चौरस फुटांचा, म्हणजे सव्वा टक्क्याहूनही कमी आहे, आणि ‘एवढ्याने काय बिघडते’ असे आपले प्रतिनिधी मला म्हणाले. तेवढ्यावरच थांबले असते तर मीही एवढे लांब पत्र लिहिले नसते. पण भरावाच्या हिशेबासाठी आपल्या माणसाने हेच चौरस फूट पुन्हा चौरस मीटरमध्ये फिरवले, आणि तेव्हा १०.७६४ ने भागण्याऐवजी सरळ १० ने भागले. त्यामुळे तिसऱ्या पानावर प्लॉट ५६६ चौरस मीटरचा झाला आहे. दोन्ही चुका एकाच दिशेच्या असल्याने एकमेकींना खोडून न काढता गुणल्या गेल्या, आणि कागदावर माझी जमीन जवळजवळ नऊ टक्क्यांनी वाढली. ही चूक ओळखायला सातबाऱ्याचीही गरज नव्हती. तिसऱ्या पानावरच्या ५६६ ला १०.७६४ ने गुणले तर ६,०९० च्या वर चौरस फूट येतात, आणि आपल्याच पहिल्या पानावर ५,६६३ लिहिलेले आहे. आकडा उलटा फिरवून मूळ जागी परत येतो का, एवढे पाहणे पुरेसे होते.

आता याचा साहित्यावर झालेला परिणाम. घराचा पाया १०० चौरस मीटर जागा घेतो आणि जोत्याच्या आतला भराव आपण वेगळा धरला आहे, तो बरोबर आहे. उरलेल्या मोकळ्या जागेत, पावसाचे पाणी रस्त्याकडून आत येऊ नये म्हणून, ४५ सेंटिमीटर तांबड्या मातीचा भराव ठरला आहे. खऱ्या हिशेबाने ४२० चौरस मीटरला १८९ घनमीटर, म्हणजे पावणेसदुसष्ट ब्रास माती लागते. आपण ४६६ चौरस मीटर धरून ७४ ब्रास लावली आहे. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. तेव्हा माझ्याकडून सात ब्रासहून अधिक जास्तीच्या मातीचे पैसे घेतले जात आहेत. माती दबून बसते, म्हणून थोडी जास्त लागतेच, असे यावर सांगण्यात आले. ती जास्तीची माती मला मान्यच आहे. फक्त ती दबाईची वाढ म्हणून वेगळ्या ओळीत, तिचे प्रमाण लिहून दाखवावी. क्षेत्रफळाच्या चुकीवर तिचे पांघरूण घालू नये.

याहून मला अधिक काळजी वाटते ती कुंपणाच्या भिंतीची. जांभ्या चिऱ्याच्या भिंतीची लांबी काढताना आपण ५६६ चे वर्गमूळ काढून, प्लॉट चौरस आहे असे समजून, चार बाजूंची लांबी ९५.२ मीटर धरली आहे. प्रत्यक्षात मोजणीच्या नकाशावर प्लॉट १३ मीटर रुंद आणि ४० मीटर लांब असा अरुंद पट्टा आहे, आणि त्याची परिमिती १०६ मीटर भरते. म्हणजे क्षेत्रफळ वाढवून धरूनसुद्धा भिंत पावणेअकरा मीटर कमी पडते. क्षेत्रफळाचा आकडा अगदी अचूक असता तरी ही चूक सुधारली नसती, उलट चौरस धरल्यास लांबी ९१.२ मीटरच आली असती, कारण क्षेत्रफळावरून परिमिती निघतच नाही. एवढ्याच क्षेत्राचा प्लॉट जितका लांबट, तितके त्याला कुंपण जास्त लागते. भिंत १.२ मीटर उंच असल्याने सुमारे १३ चौरस मीटर बांधकामाचे चिरे अंदाजपत्रकात नाहीत, आणि ते ऐन काम चालू असताना मला वाढीव दराने घ्यावे लागतील अशी शक्यता आहे. चिरे एकाच खाणीतून, एकाच खेपेत आले तर त्यांचा रंग आणि माप जुळते. मागाहून आणलेले बहुधा जुळत नाहीत.

तेव्हा माझ्या मागण्या अशा आहेत. प्लॉटचे क्षेत्र ५२० चौरस मीटर हाच मूळ आकडा धरून नवे अंदाजपत्रक द्यावे आणि त्याच्या पहिल्या पानावर ५.१४ गुंठे व ५,५९७ चौरस फूट हे रूपांतर, वापरलेल्या गुणकांसह लिहावे. गुणकातले दशांश मधल्या पायरीवर तोडू नयेत. पूर्णांक करायचा तो शेवटच्या उत्तराचा करावा. साहित्याचा प्रत्येक हिशेब मूळ चौरस मीटरवरूनच करावा. चौरस फुटांतून पुन्हा मीटरमध्ये येऊ नये. कुंपणाची लांबी मोजणीच्या नकाशावरील बाजूंच्या मापांची बेरीज करून घ्यावी. मातीच्या कमी होणाऱ्या रकमेचे समायोजन आगाऊ रकमेत दाखवावे, चिऱ्यांची वाढीव मागणी आजच्या दराने नोंदवावी, आणि दुरुस्त अंदाजपत्रकावर माझी सही होईपर्यंत माती अथवा चिरे प्लॉटवर पाठवू नयेत.

पावसाळ्याच्या आत भराव दाबून होणे आवश्यक असल्याने आपले लेखी उत्तर लवकर मिळावे, ही विनंती. सातबारा, बिनशेती आदेश आणि मोजणीचा नकाशा यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

कळावे,
आपला विश्वासू,
एक ग्राहक,
मालवण तालुका, जि. सिंधुदुर्ग