बाळाला, हॉलच्या स्कर्टिंगबद्दल

बाळा,

काल साइटवर पार्टीसमोर तुला ओरडलो, ते मला नको होतं करायला. तू न जेवता गेलास, आई रात्रभर दाराकडे बघत होती. फोनवर तू नीट ऐकणार नाहीस म्हणून लिहितोय. आणि मास्कचा विषय आज काढायचा नाही असं ठरवलंय.

हॉल ४२०० बाय ३००० एमएम, घेर १४४००, इथपर्यंत तुझं बरोबर होतं. मग तू मेन दार ९०० आणि बेडरूमचं ९०० वजा केलंस. अरे ती फळीची मापं. स्कर्टिंगची, म्हणजे भिंतीच्या पायाशी लावायची टाइलची पट्टी चौकटीच्या बाहेरच्या कडेला थांबते, म्हणून खाली फरशीजवळ टेप धरून चौकटीच्या बाहेरून बाहेर मोजायचं, तिथे १०५० आणि १००० येतात. पॅसेजचं ओपनिंग १२०० तू वजा केलंस ते ठीक, पण तिथे चौकट नाही, पट्टी भिंतीच्या जाडीत आत वळते, १५० आणि १५०, ते परत मिळवायचे. आणि भिंतीच्या मधला कॉलम १५० बाहेर आलाय, त्याच्या दोन बाजूंचे अजून ३००. कोपऱ्यातल्या कॉलमने घेर बदलत नाही हं, भिंतीची जेवढी लांबी तो खातो तेवढीच स्वतःच्या बाजूंनी परत देतो. भिंतीच्या मधला मात्र वाढवतो. म्हणजे तुझे ११४०० नाही, ११७५०.

११७५० ला ६०० ने, म्हणजे एका पट्टीच्या लांबीने भागलं की २० पट्ट्या येतात, पण तेवढ्यावर कधी थांबू नकोस. अण्णांनी मला प्रत्येक भिंतीची वेगळी ओळ लिहायला लावली होती, मी तुझ्यापेक्षा लहान होतो, शाळेची वही फाडून कागद केला होता. अण्णा तोंडाला नुसता गमछा बांधायचे... राहू दे.

या हॉलमध्ये भिंतीवार लिहिलं की १६ पट्ट्या अख्ख्या बसतात. उरतात ते तुकडे, ३०० चे चार, १५० चे चार, आणि २००, १००, ५० एकेक. ३०० चे चार दोन पट्ट्यांत निघतात, एकाच कटचे दोनेक एमएम सांध्यात मावतात. १५० चे चार एका पट्टीत कागदावर बसतात, पण ब्लेड दर कटला दोनेक एमएम खातं, म्हणून तीनच धर, चौथा २००, १००, ५० वाल्या पट्टीत काढ. म्हणजे ४ पट्ट्या, एकूण २०. तो ५० चा तुकडा दाराशेजारी वाईट दिसतो, पण आपण खालच्या फरशीच्या सांध्याला सांधा लावतो, त्यामुळे तो टळत नाही.

बाहेर आलेले कोपरे चार, कॉलमचे दोन, पॅसेजचे दोन. तिथे ४५ चा कट मारताना कड उडतेच, म्हणून २ पट्ट्या जास्त. बावीस.

आता काल खरा घोळ कुठे झाला ते बघ. दोन बाय दोनची टाइल ६०० एमएमची असते, पुरे दोन फूट नाही. पुऱ्या चार इंचाची पट्टी म्हणजे १०१.६, अशा एका टाइलमधून पाचच निघतात. तू ४ टाइल्स कापल्यास, २० निघाल्या, दोन कोपऱ्यांवर फुटल्या आणि रात्री नवा बॉक्स फोडावा लागला, त्याचा शेड वेगळा निघाला. कटरचा गाइड एकदा ९८ ला बांधला असता तर पाच कट जाऊनही सहा निघतात, ४ टाइल्सच्या २४, म्हणजे एका बॉक्समध्ये काम संपलं असतं. उंची मात्र सगळ्यांची एकच हवी, आणि वरच्या बाजूची कापलेली कड पॉलिश करायची, मधल्या चार पट्ट्यांना कंपनीची कड मिळत नाही.

हे सगळं मी कालच शांतपणे सांगायला हवं होतं. भाषण झालं हे, माफ कर. पॅसेजचे कोपरे तू जे जुळवलेस तसे मला तुझ्या वयात जमले नसते, नखसुद्धा अडकत नव्हतं. पार्टीने मला बाजूला घेऊन विचारलं, हा तुमचाच मुलगा का.

पण नव्या बॉक्सच्या टाइल्स तू बंद खोलीत कोरड्या कापत होतास, पाणी न सोडता, खिडकी लावून, आणि मी आत आलो तेव्हा तुझ्या पापण्यांवर पांढरी पूड बसलेली होती. मी ओरडलो ते शेडसाठी नाही रे. ती पूड सिलिकाची आहे, छातीत गेली की बाहेर येत नाही, अण्णांचं शेवटचं वर्ष तू लहान होतास म्हणून तुला आठवत नाही, मला झोपेत पण तो खोकल्याचा आवाज ऐकू येतो. रुमाल चालत नाही, एन९५ लाव, ब्लेडवर पाणी सोड, गॅलरीत काप. आणि आधी यादी केलीस तर रात्रीचे कटच लागत नाहीत, म्हणून एवढं मोजमाप सांगतोय.

शनिवारी बेडरूम आहे. भिंतीवार लिहून फोटो पाठव, मी बघतो. मास्कचा पुडा आईने तुझ्या टूलबॅगच्या पुढच्या खिशात ठेवलाय.

बाबा