वरच्या मजल्यावरच्या वहिनींना, पिन केलेल्या पोस्टबद्दल थँक्यू

वहिनी,

तुम्हाला तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अगं त्यात काय" म्हणून विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. दुसरं कारण असं की आमच्यासारखा घरगुती धंदा करणाऱ्या बायका मला मेसेज करून विचारतायत की इन्स्टावर वरती पिन केलेल्या पोस्टची कॅप्शन कुणाकडून लिहून घेतली, किती पैसे दिले. तर बायांनो, आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या वहिनींनी लिहायला बसवलं आणि फी म्हणून मेतकुटाचं एक पाकीट नेलं, तेही हो-नाही करत.

आमचं काय आहे, सांगलीत घरी भाजणी करतो, मी आणि सासूबाई. थालीपीठ भाजणी, चकली भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, बस एवढंच. रील्स बऱ्यापैकी चालत होत्या, तव्यावरचं थालीपीठ, मधल्या भोकात तेल सोडतानाचा आवाज, लोणी वितळतंय वगैरे, आणि लोक प्रोफाईलवर येऊन "एक प्लेट केवढ्याला?" "पुण्यात कोथरूडला गरम पोचवता का?" असं विचारायचे. म्हणजे आम्ही पीठ विकतो हेच कळत नव्हतं! मला वाटायचं लोक नीट बघत नाहीत. तुम्ही मात्र माझा फोन मागून घेतलात, कॅप्शनचं नावसुद्धा न काढता आधी अर्धा तास नुसते जुने मेसेज वाचलेत आणि कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला प्रश्न उतरवून काढलेत, एकच प्रश्न परत आला की पुढे रेघ मारायची. सगळ्यात जास्त रेघा "तयार मिळतं का" ला, मग "पहिल्यांदा काय घेऊ", मग भाव, मग "आमच्या गावाला येतं का". परंपरा किती पिढ्यांची आहे हे एकानेही विचारलं नव्हतं, आणि सासूबाईंना पहिल्या ओळीत नेमकं तेच हवं होतं.

त्या दिवशीचा तुमचा आणि सासूबाईंचा वाद मी विसरणार नाही. त्यांचं म्हणणं, "नमस्कार मंडळी, आपलं मनापासून स्वागत" असं नको का, दारात आलेल्याला आधी पाणी विचारतात. तुम्ही फोन त्यांच्या हातात दिलात आणि दाखवलंत की इन्स्टावर कॅप्शन बावीसशे अक्षरांपर्यंत लिहिता येते पण उघडल्या उघडल्या दिसते ती फक्त सुरुवात, साधारण सव्वाशे अक्षरं, फोनप्रमाणे थोडं कमी-जास्त, आणि पुढचं वाचायला टॅप करावं लागतं. "नमस्कार मंडळी, आपल्या सर्वांचं आमच्या छोट्याशा परिवारात मनःपूर्वक स्वागत" एवढं टाईप करून बघितलं तर निम्मी जागा तिथेच गेली, भाजणी शब्दसुद्धा आला नाही. सासूबाई म्हणाल्या, "मग पाणी नंतर देऊ." तिथे विषय मिटला.

मग जी पहिली ओळ झाली ती अशी: "सांगलीहून घरगुती भाजणीचं पीठ, मेतकूट, गोडा मसाला. पहिल्यांदा घेताय? थालीपीठ भाजणीपासून सुरू करा." ह्यात 'पीठ' हा शब्द तुम्ही हट्टाने घातलात, मला तो जरा रुक्ष वाटत होता. पण रीलमध्ये गरम थालीपीठ बघून आलेल्या माणसाचा गैरसमज दूर करायचा तर तो पहिल्याच ओळीत करायला हवा, खाली कुठेतरी लिहून उपयोग नाही. पोस्ट लावल्यापासून "एक प्लेट" वाले मेसेज अगदी तुरळक झालेत.

आणि 'सुरू कुठून करायचं' हे एकच सांगा, चार पर्याय देऊ नका, हे तुमचं मला सगळ्यात पटलं. मी म्हणत होते चकली भाजणी पुढे करू कारण दिवाळीत तीच जास्त जाते. तुम्ही विचारलंत, पहिल्यांदा घेणाऱ्याच्या हातून बिघडायची शक्यता कशात जास्त? आता चकली म्हणजे उकड आली, मोहन आलं, मोहन जास्त पडलं की चकली तेलात विरघळते, कमी पडलं की कडक होते, पीठ कोरडं राहिलं की सोऱ्यातून बाहेर पडतानाच तुकडे, आणि ह्या सगळ्याचं खापर भाजणीवर. थालीपिठात एवढं काही नाही, कांदा-कोथिंबीर, तिखट, मीठ, पाणी, मळलं की थापलं. पाणी जरा जास्त झालं तर अजून मूठभर भाजणी घातली की काम झालं. ज्या मुलीने आयुष्यात भाजणी मळली नाही तिचंसुद्धा पहिल्याच दिवशी खाण्यासारखं होतं, आणि मग ती दिवाळीला चकली भाजणी मागवायला आपोआप येते. चकलीला त्यामुळे कॅप्शनमध्ये एकच ओळ मिळाली, "उकड काढायची सवय असेल तरच घ्या, नसेल तर आधी दुसरी पिन बघा". दुकानदाराने गिऱ्हाइकाला घेऊ नका म्हणायचं हे सासऱ्यांना अजून पचलेलं नाही, असो.

बाकीची कॅप्शन इथे जशीच्या तशी देतेय, ज्यांना हवी त्यांनी आपल्या मालाप्रमाणे बदलून घ्या:

"250 ग्रॅमच्या पाकिटात मध्यम आकाराची सहा-सात थालीपीठं होतात. किंमत 110 रुपये, कुरिअर वेगळं.

ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, धने, जिरे. प्रत्येक धान्य वेगळं भाजतो. मीठ-तिखट घातलेलं नाही, ते तुमच्या चवीने घाला. गहू चालत नसेल तर ही भाजणी घेऊ नका.

मंगळवारी आणि शुक्रवारी पार्सल निघतात. भारतभर पाठवतो, परदेशात नाही.

ऑर्डरसाठी बायोमधली व्हॉट्सॲप लिंक दाबा, पिनकोड पाठवा, कुरिअरसकट टोटल सांगतो."

बघा, पहिल्या ओळीनंतर सगळं त्या कॅलेंडरवरच्या रेघांमधूनच आलंय. भाव लिहायला मी तयार नव्हते, सगळेच "किंमतीसाठी डीएम करा" लिहितात ना. तुम्ही म्हणालात, नवीन माणूस भाव विचारायला लाजतो आणि निघून जातो, निदान सुरुवातीच्या एका पाकिटाचा तरी लिहा, बाकीचे हायलाइट्समध्ये ठेवा म्हणजे खोबरं महागलं की गोड्या मसाल्याचा भाव तिथे बदलता येतो. "परदेशात नाही" हे पण तुमचंच, नाहीतर अमेरिकेतून कुणीतरी हौसेने विचारायचं आणि आम्ही दोन दिवसांनी नाही म्हणायचो.

"प्रत्येक धान्य वेगळं भाजतो" ही ओळ मात्र सासूबाईंनी मिळवली. त्यांना अजून बरंच लिहायचं होतं, की तांदूळ फुलल्यासारखे हलके होईपर्यंत, डाळ गुलाबीसर होईपर्यंत, धने-जिरे अगदी शेवटी नुसते गरम कारण ते जळले की सगळ्या पिठाला कडवट वास, आणि गिरणीत सकाळी पहिला नंबर लावायचा, आधीच्याची मिरची दळली असेल तर आपली भाजणी खाणाऱ्याच्या नाकात जाते, तरीसुद्धा आधी वाटीभर ज्वारी टाकून जातं साफ करून घ्यायचं आणि ते पीठ बाजूला काढायचं. तुम्ही हे सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात की हे कॅप्शनमध्ये वाचायला कुणी थांबणार नाही पण ह्याचं रील करा. केलं. ते तिसऱ्या जागी पिन आहे आणि त्यात सासूबाई गिरणीवाल्याला ओरडतायत तेवढा भाग लोकांना फार आवडलाय.

आता थोडं टेक्निकल, कारण विचारणाऱ्या बायकांचं इथेच अडतं. इन्स्टावर तीन पोस्ट पिन करता येतात. पोस्टच्या कोपऱ्यातले तीन टिंब दाबले की पिनचा पर्याय येतो. आमच्याकडे सगळ्यात शेवटी पिन केलेली पोस्ट पहिल्या जागी आली, त्यामुळे ओळख करून देणारी ही पोस्ट मुद्दाम शेवटी पिन केली. कॅप्शनमध्ये लिंक टाकली तरी ती दाबता येत नाही, नुसती अक्षरं दिसतात, म्हणून "बायोमधली लिंक" असं लिहायचं. आणि ती लिंक वहिनींनी अशी करून दिली की दाबल्यावर व्हॉट्सॲप उघडतं आणि मेसेज आधीच टाईप झालेला असतो:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Thalipeeth%20bhajani%20250g
```

एक्सच्या जागी आपला दहा आकडी नंबर, 91 च्या आधी अधिकचं चिन्ह नाही, शून्य नाही, मध्ये डॅश नाही. शब्दांमधली मोकळी जागा `%20` अशी लिहायची. झाल्यावर दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून दाबून बघा, ज्याच्याकडे तुमचा नंबर सेव्ह नाही अशाच्या. आम्ही कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या दादांच्या फोनवरून बघितलं, आणि त्यांनी तिथल्या तिथे पाव किलो मागवली.

एका गोष्टीला ह्याचा उपयोग होत नाही तेही सांगते. जुनी गिऱ्हाइकं पिन वाचत नाहीत, ती सरळ फोन करतात आणि "नेहमीचं पाठव" म्हणतात, नेहमीचं काय ते आपण लक्षात ठेवायचं. आणि पिनमुळे नवीन लोक येत नाहीत, लोक रीलनेच येतात, पिन फक्त आलेल्या माणसाला काय आहे, केवढ्याला आहे आणि आधी काय घ्यायचं ते सांगते. पण आमचे दुपारचे दोन-दोन तास त्याच त्या उत्तरांत जायचे ते वाचले, त्या वेळात आता मी पाकिटं सील करते, हा फरक माझ्यासाठी खूप मोठा आहे वहिनी, तुम्हाला कदाचित कल्पना नसेल.

आणि तुम्ही दर वेळी म्हणता की मी नुसती तुमचीच वाक्यं पुसली. अहो तेच तर जमत नव्हतं. घरातल्या प्रत्येकाला आपली एक ओळ हवी होती, सासऱ्यांना मोबाईल नंबर तीनदा, मुलाला आठ इमोजी, सासूबाईंना परंपरा, मला "प्रेमाने बनवलेलं". बाहेरच्या माणसाने, तेही कुणाचं मन न दुखवता, ते काढणं सोपं नाही. माझं "प्रेमाने" काढताना तुम्ही म्हणालात, "प्रेम राहू दे गं, ते थालीपीठ खाताना कळेल, इथे ग्रॅम लिही." मी ग्रॅम लिहिले.

बरं, दिवाळीच्या आधी पहिल्या ओळीत चकलीचं काही घालायचं का, की थालीपीठच राहू द्यायचं, ह्यावर घरात दोन पार्ट्या झाल्यात. रविवारी सकाळी खाली या, थालीपीठं आहेतच, कॅलेंडरची मागची बाजू पण रिकामी ठेवलीय. दादांना आणि छोटीलाही घेऊन या, आणि मागच्या वेळी दिलेला डबा परत आणू नका, तो तुमचाच आहे.

तुमची,
खालच्या मजल्यावरची