गेटवरच्या बोर्डाचा आकडा: मा. कामगार मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

मार्चमधल्या सुरक्षा सप्ताहात आमच्या औद्योगिक पट्ट्यातल्या मंडपात आपल्या वतीने सांगण्यात आलं होतं की यापुढे कंत्राटी कामगारांचे अपघातही कायम कामगारांच्याच नोंदवहीत, त्याच अपघात दरात मोजले जातील. टाळ्या पडल्या, हार झाले. त्यानंतर कोणत्याही कारखान्याच्या वहीत एक रकाना वाढला नाही. आम्ही त्या वह्या लिहिणारी माणसं आहोत, म्हणून ठाऊक आहे.

मागच्या महिन्यात नागपूर जिल्ह्यातल्या एका कारखान्यात चालू कन्व्हेयरच्या शेपटाकडच्या ड्रमला चिकटलेला माल खरवडताना एका ठेकेदाराच्या माणसाचा हात पट्टा आणि ड्रम यांच्या फटीत गेला. दोन बोटं मोडली, टाके पडले. गेटवरच्या बोर्डावर त्या दिवशी लिहिलं होतं, ‘अपघाताविना 412 दिवस’. दुसऱ्या दिवशी 413 झाले.

हे कसं जमतं? सकाळी ठेकेदाराची गाडी त्या माणसाच्या घरी गेली. त्याला आणून टाइम ऑफिसच्या बाकावर बसवलं, हाताला पट्टी, समोर चहा. मस्टरवर हजेरी लागली. हजेरी आहे म्हणजे वेळ वाया गेली नाही, आणि वेळ गेली नाही म्हणजे ती वेळ गमावणारी इजा नाही. या प्रकाराचं नाव ‘हलकं काम’. खरं हलकं काम असतं, नाही असं नाही. डॉक्टरने लिहून दिलेलं, आधीपासून कारखान्यात असलेलं आणि त्या हाताने पूर्ण पाळी करता येण्यासारखं काम असेल, तर तशी नोंद रास्त आहे. पण तिच्यासाठी वेगळा रकाना लागतो. बाकावर बसून पंखा मोजणं हे कोणत्या पदाचं काम आहे, एवढं आपल्या खात्याने सांगावं.

आता सूत्र. भारतीय मानक आयएस 3786 प्रमाणे अपघात वारंवारता दर म्हणजे वेळ गमावणाऱ्या इजांची संख्या गुणिले दहा लाख, भागिले प्रत्यक्ष काम झालेले मनुष्यतास. दहावीच्या पोराला जमेल असं गणित. खेळ चालतो तो दोन्ही आकड्यांच्या व्याख्येत.

समजा कारखान्यात 150 कायम आणि 250 ठेक्याची माणसं आहेत. वरच्या आकड्यात मोजली फक्त कायम माणसाची एक इजा. खालच्या आकड्यात मात्र चारशेही माणसं घेतली, दिवसाचे 8 तास, वर्षाचे 300 दिवस, म्हणजे 9,60,000 तास. दर आला 1.04. बोर्ड चकचकीत.

आता तीच वही सरळ वाचू. रजा, दांड्या, मे महिन्यातली गळती धरता माणूस सरासरी 270 दिवस आला. तास झाले 8,64,000. ओव्हरटाइमचे 36,000 मिळवा, एकूण 9,00,000. हे पगारपत्रकातून निघतात, अंदाजाने काढायचे नसतात. अंदाज फक्त नोंदच नसेल तेव्हा. इजा किती? कायम माणसाची एक, ठेकेदारांच्या चार, आणि बाकावर बसवलेला एक. सहा. दर 6.67. त्याच वर्षाचा, त्याच कारखान्याचा, सहापटीहून जास्त. आणि हाही आकडा पचत नसेल तर अमेरिकी पद्धतीने दहा लाखांऐवजी दोन लाख तासांवर दर काढायचा, की झालं 1.33. मुंबईच्या मुख्यालयातल्या पडद्यावर हे दोन दर शेजारी शेजारी लागतात आणि खाली कोणत्या तासांवर काढले ते कोणी लिहीत नाही. शेराच्या मापाने घेऊन पावशेराच्या मापाने विकायचं, तसला हा धंदा.

दुसरी चाळणी 48 तासांची. जुन्या कारखाना अधिनियम 1948 च्या कलम 88 प्रमाणे मृत्यू झाला किंवा माणूस 48 तास वा अधिक कामावर येऊ शकला नाही, तर आपल्याला कळवायचं होतं. त्याच्या जागी आलेल्या नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही रेघ तीच. म्हणून जखमी माणसाला तिसऱ्या दिवसाच्या आत गेटमधून आत ढकलण्याची घाई. मानकात दोन वेगळे दर आहेत, सगळ्या वेळ गमावणाऱ्या इजांचा एक आणि कळवण्याजोग्यांचा दुसरा. आपल्या दालनात पोचतो तो दुसरा, तोही पंखे मोजून झाल्यावर उरलेला.

आता त्या वहीबद्दल, जी आपल्यापर्यंत येतच नाही. थोडक्यात टळलेल्या अपघातांची, म्हणजे निअर मिसची. त्याच कन्व्हेयरवर, त्याच ड्रमजवळ, इजेच्या तीन आठवडे आधी एका माणसाचा हातमोजा ओढला जाऊन पट्ट्याखाली गेला होता. हात सुटला. वहीत नोंद आहे: ‘मोजा अडकला. किरकोळ. कामगारास समज दिली.’ संपलं. त्या ओळीत मशीनचा नंबर नाही, वेळ नाही. ड्रमवरची जाळी कुठे होती, ते नाही. ती काढून भिंतीला टेकवलेली होती, कारण चार बोल्ट सोडून लावायला वीस मिनिटं जातात आणि माल तर दर पाळीत चिकटतो. दोरी ओढून पट्टा थांबवायचा स्विच त्या बाजूला होता की नाही, हेही लिहिलेलं नाही. तो फक्त पलीकडच्या बाजूला होता.

ती नोंद अशी हवी होती: कोणत्या मशीनच्या कोणत्या टोकाला, किती वाजता, काय झालं, काय होऊ शकलं असतं, तर मनगटापासून हात गेला असता, कोणती आडकाठी निकामी होती, तर जाळी नाही, स्विच एकाच बाजूला, पट्टा बंद करून कुलूप न लावता सफाई. मग कोण काय करणार, कोणत्या तारखेपर्यंत. ड्रमला खरवडणी पट्टी बसवणे, म्हणजे हात घालायची गरजच उरणार नाही; जाळी बिजागरीवर घेणे; दुसऱ्या बाजूला दोरी ओढणे. शेवटी, हे झालं की नाही ते जागेवर जाऊन बघणाऱ्याची सही. ‘समज दिली’ ही कृती नाही साहेब. समज दिल्याने पट्टा थांबत नाही.

कायदा मोठ्या टळलेल्या घटना विचारतो. जुन्या अधिनियमात कलम 88-ए खाली स्फोट, आग, क्रेन कोसळणं वगैरे, माणूस जखमी झाला नाही तरी कळवायचं होतं. पण एक मोजा ओढला गेला, हे कोणालाच कळवायचं नसतं.

आणि यावर व्यवस्थापनाने काढलेला तोडगा ऐका. दर माणशी महिन्याला एक निअर मिस, असं लक्ष्य. त्यामुळे महिनाभर वही कोरी आणि 29 तारखेला चाळीस नोंदी, एका शाईत, एका अक्षरात: ‘जमिनीवर पाणी’, ‘बल्ब बंद’, पुन्हा ‘जमिनीवर पाणी’. हाइनरिखने 1931 मध्ये एका गंभीर इजेमागे 29 किरकोळ आणि 300 बिनइजेच्या घटनांचं प्रमाण मांडलं. ते अमेरिकी विम्याच्या कागदांवरचं निरीक्षण होतं, बुटीबोरीला लागू पडणारा निसर्गनियम नव्हे. आमच्याकडे त्या त्रिकोणाचं पोस्टर लावतात आणि तीनशेचा आकडा पाण्याने भरतात. खरी वही ओळखायची तर बघा की नोंदी सगळ्या पाळ्यांत पसरल्यात का, रात्रपाळीच्या आहेत का, ठेक्याच्या माणसाचं नाव एकदा तरी येतं का, आणि किती नोंदींपुढे काम पूर्ण झाल्याची तारीख आहे.

आता आपल्या पुरस्कारांबद्दल. शून्य अपघात, ढाल, शाल, नारळ. चाळीस माणसांचा कारखाना घ्या. 40 गुणिले 8 गुणिले 300, म्हणजे 96,000 तास. तिथला खरा धोका दहा लाख तासांना 5 इजांचा आहे असं धरा. मग वर्षाला अपेक्षित इजा अर्धीसुद्धा नाही, 0.48. संभाव्यतेच्या हिशोबाने अशा शंभर कारखान्यांपैकी साधारण 62 कारखान्यांत त्या वर्षी एकही इजा होणार नाही, कोणी काडी इकडची तिकडे केली नाही तरी. त्यांना आपण ढाल देणार. आणि ज्याची एक इजा झाली, ज्याने ती इमानाने लिहिली, त्याचा दर 10.4. त्याला नोटीस. काहून लिहील मग कोणी? लहान कारखान्याचा एका वर्षाचा दर हा दरच नव्हे. निदान तीन वर्षांचे तास आणि इजा एकत्र करून बघावं लागतं.

शिवाय वारंवारता दराला दुखणं कळत नाही. डिसेंबर 2023 मध्ये बाजारगावला स्फोटात नऊ जीव गेले. या सूत्रात ते नऊ. नऊ जणांचे घोटे मुरगळले तरी नऊच. म्हणून मानकात बुडालेल्या दिवसांवर काढलेला तीव्रता दर आहे, त्यात एका मृत्यूचे 6000 मनुष्यदिवस धरतात. तो दर कुठल्या बोर्डावर पाहिलाय का आपण? जानेवारी 2025 मध्ये भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला आठ गेले, तेव्हाही भाषणांत ‘सुरक्षा संस्कृती’ होती, मनुष्यदिवस नव्हते.

आमची गत सांगतो, मग थांबतो. पूर्वी कलम 40-ब प्रमाणे हजार कामगारांना सुरक्षा अधिकारी सक्तीचा होता; नव्या संहितेत कारखान्याला पाचशे, धोकादायक असेल तर अडीचशे. चारशेचा साधा कारखाना दोन्हीकडून सुटला. तिथे वही लिहितो पगार काढणारा कारकून. जिथे अधिकारी आहे तिथे त्याची वेतनवाढ त्याच दरावर ठरते जो त्यानेच मोजायचा. म्हणजे न्यायाधीशाचा पगार आरोपीने द्यायचा. आम्ही उन्हाळ्यातला टाकी आटलेला कूलर आहोत साहेब, आवाज भरपूर आणि हवा गरम. खरं लिहिलं तर घर चालत नाही, खोटं लिहिलं आणि उद्या कोणी मेलं तर पहिली चौकशी आमच्या सहीची. शंभरातले नव्वद बोर्ड खोटे आहेत. मोजून नाही सांगत, पण आपणही मोजलेले नाहीत. आणि आपल्याला निरीक्षक पाठवायचे नाहीत, कारण त्याने म्हणे गुंतवणूक बिचकते. स्वयंप्रमाणन आहे ना. चोराने आपलीच झडती घ्यायची आणि पावती पोस्टाने पाठवायची.

पैसा लागत नाही, कागद आधीच आहेत. एकवीस हजारांपर्यंत पगार असलेला माणूस कर्मचारी राज्य विम्यात येतो. तिथे मालकाने फॉर्म 12 वर अपघात कळवायचा असतो, आणि इजेचा दिवस सोडून निदान तीन दिवस काम बुडालं तर नव्वद टक्के दराने भरपाई मिळते. ती यादी आणि कारखान्याची नोंदवही शेजारी ठेवा. यादीत आहे आणि वहीत नाही, तो लपवलेला. ठेकेदार हुशार असतो, तो दावाच करू देत नाही, रोजी हातावर टेकवतो. त्याच्यासाठी प्रथमोपचार खोलीचं रजिस्टर आणि गेटचं गाड्यांचं रजिस्टर बघा: दुपारी सव्वादोनला दवाखान्यात गेलेली गाडी कोणाला घेऊन गेली. आणि दर मागवताना नुसता दर मागवू नका. तास वेगळे मागवा, इजा वेगळ्या मागवा, कायम आणि ठेक्याच्या वेगवेगळ्या ओळीत. भागाकार आपल्या कार्यालयात करता येईल, तेवढी माणसं शिल्लक असतील.

त्या कारखान्याचा बोर्ड हे लिहिताना 431 वर आहे. जाळी अजून भिंतीला टेकलेलीच आहे. येणार असाल तर न कळवता या, आणि दुपारी पाळी बदलताना या. आधी टाइम ऑफिसच्या बाकावर कोण बसलंय ते बघा, बोर्ड नंतर वाचा.

आपले,
नागपूरच्या औद्योगिक पट्ट्यातले नोंदवही लिहिणारे
(नावं टाकली असती, पण नोकऱ्या आहेत)