आत्याच्या माजघरातलं पाणी

नाशिक, रविवार

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीत आजोबांच्या आठवणी रेकॉर्ड करायला बसणार आहेस म्हणालास. परवा मी आत्याजवळ बसलो होतो, 1969च्या सप्टेंबरात गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, आलेल्या महापुराच्या आठवणी ऐकायला. तेव्हा ती भांडी बाजाराजवळच्या वाड्यात राहायची, नुकतंच लग्न झालेलं.

पहिला प्रश्नच माझा चुकला. मी विचारलं, "आत्या, पूर आला तेव्हा खूप भीती वाटली असेल ना?" ती म्हणाली, "वाटली की." आणि संपलं. भीतीचा शब्द मीच तिच्या तोंडात घातला होता, तिला फक्त मान डोलवायची उरली. मग मी म्हटलं, "त्या दिवशी सकाळी उठल्यापासून काय काय झालं ते सांग, जसं आठवेल तसं." त्यावर ती वीस मिनिटं थांबली नाही. बंब पेटवलेला होता, नदीतला दुतोंड्या मारुती बुडाला म्हणून कोणीतरी गल्लीतून ओरडत गेलं, आणि वाड्यातल्या बायका ओसरीवरची धान्याची पोती माळ्यावर चढवायला लागल्या. पाणी आत शिरण्याआधी मोरीतून उलटं वर आलं, हे मला कोणताच प्रश्न विचारून मिळालं नसतं.

पाणी कुठवर चढलं ते सांगताना ती उठली आणि दारावर हात ठेवून म्हणाली, "हे एवढं." रेकॉर्डिंगमध्ये हात दिसत नाही, म्हणून मी लगेच मोठ्याने म्हटलं, "म्हणजे दाराच्या कडीपर्यंत." ती म्हणाली, "कडीच्या वर चार बोटं." आजोबा हातवारे फार करतात, त्यामुळे तुला हे सारखंच करावं लागेल.

बोलता बोलता एकदा ती म्हणाली, "आणि टीव्हीवर सारखं तेच दाखवत होते." मुंबईचं दूरदर्शनच 1972 साली सुरू झालं, तेव्हा 1969मध्ये नाशिकच्या वाड्यात टीव्ही कुठला? दोन पूर एकमेकांत मिसळले होते. चुलतभाऊ शेजारीच बसला होता, तो पटकन म्हणाला, "अगं, तो 2008चा पूर!" आत्या गप्प झाली आणि पुढची पाच मिनिटं प्रत्येक वाक्याला "नक्की आठवत नाही हं" म्हणत राहिली. मी त्याला चहाच्या निमित्ताने आत पाठवलं. चूक दिसली तर कागदावर नोंदव, बोलणं तोडू नकोस. नंतर मी एवढंच विचारलं, "टीव्ही पाहत होतात तेव्हा घरात कोण कोण होतं?" ती म्हणाली, "नातवंडं होती की," आणि स्वतःच हसली, "अरे, म्हणजे तो नंतरचा." साल विचारण्यापेक्षा माणसं विचारली की आठवण आपल्या जागी जाऊन बसते.

आता तिच्या शिवणाच्या मशीनचं सांगतो. पोत्यांचं सांगताना ती ओझरतं म्हणून गेली, "मशीन तेवढं वर गेलं नाही ते नाहीच," आणि लगेच मदतीला आलेल्या पोरांकडे वळली. मी कागदावर 'मशीन' लिहिलं आणि तिला बोलू दिलं. ती थांबल्यावर तिचेच शब्द परत दिले, "मघाशी म्हणालीस, मशीन वर गेलं नाही. ते सांगशील?" 'का नाही नेलंस' असं मुद्दामच विचारलं नाही. 'का' म्हटलं की माणूस सफाई द्यायला लागतो.

ती काही बोलली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. अविनाश, त्या क्षणी दुसरा प्रश्न टाकायचा मोह फार होतो. मी मनात आकडे मोजले, चौदापर्यंत पोचलो. मग ती हळू आवाजात म्हणाली, "शेजारणींची पोलकी शिवून घेतलं होतं ते. ह्यांनी आधी दुकानाच्या वह्या वर नेल्या. मी काही बोलले नाही." पाणी उतरल्यावर मशीनच्या चाकात रेती बसलेली होती, आणि ते चाक पुन्हा फिरलं नाही. काकांना तिने हे कधीच सांगितलं नव्हतं.

मी विचारलं, "हे ठेवू का रेकॉर्डिंगमध्ये?" थोडा विचार करून ती म्हणाली, "ठेव. पण मुलांना मी आधी सांगते." तिने सांगेपर्यंत तेवढा भाग मी कुणाला ऐकवणार नाही. आजोबांनाही हे तू आधीच विचारून घे, आणि शेवटी पुन्हा एकदा.

बाकी किरकोळ. पंखा बंद ठेव. फोन घडी केलेल्या टॉवेलवर ठेव, नाहीतर टेबलावर कप टेकवल्याचाही दणका ऐकू येतो. तासाभराने थांब, आत्या तर पन्नासाव्या मिनिटालाच दमली होती.

पुढच्या रविवारी पुन्हा जातोय. त्या वाड्याचा एक जुना फोटो सापडलाय, ओसरीचा. तो तिच्या हातात देऊन एवढंच म्हणणार आहे, "यात काय काय दिसतंय, सांग."

तुझा,
श्रीकांत