‘नव्वद टक्के ऑप्शन शून्य होतात’ : अर्धवट हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘बहुतेक ऑप्शन एक्स्पायरीला शून्य होतात, म्हणून घेणारा हरतो आणि विकणारा कमावतो’ हे विधान आपल्या अर्थविषयक पानावर वाचले. ऑप्शन विकायला शिकवणारे क्लासही याच वाक्यावर चालतात. यातला पहिला भाग खरा धरला तरी दुसरा त्यातून निघत नाही.

जून 2024 चा तो आठवडा घ्या. एक्झिट पोलच्या उत्साहात 3 तारखेला निफ्टी 23,263 वर बंद झाला. 4 तारखेला लोकसभेचे निकाल लागले आणि तो 21,884 वर आला. त्या दिवशी मधे तर 21,300 च्याही खाली गेला होता. 6 जूनला संपणाऱ्या 22,500 च्या पुटची, म्हणजे निफ्टी 22,500 च्या जितका खाली जाईल तितके पैसे देणाऱ्या ऑप्शनची, नुसती अंगभूत किंमतच त्या दिवशीच्या बंद भावाला सहाशे रुपयांच्या वर होती. पुढे बाजार सावरला, 6 तारखेला निफ्टी 22,821 वर बंद झाला आणि हा पुट शून्य झाला.

आकडेवारीत तो ‘घेणाऱ्याचा तोटा’ या रकान्यात जातो. पण 3 तारखेला घेऊन 4 तारखेला विकणाऱ्याने भरपूर कमावले, आणि मार्जिन, म्हणजे विक्रेत्याला ठेवावी लागणारी अनामत, कमी पडल्याने त्याच दिवशी सौदा महाग भावाने बंद करावा लागलेला विक्रेता होरपळला. बरेच सौदे एक्स्पायरीआधीच बंद होतात. त्यामुळे शेवटच्या दिवशीचा भाव पाहून मधे कोणी काय कमावले ते कळत नाही.

शेवटपर्यंत थांबणाऱ्यांचाही हिशेब करू. समजा, कोणी प्रत्येकी 20 रुपये प्रीमियमने दहा ऑप्शन विकले. नऊ शून्य झाले, म्हणजे 180 रुपये आले. दहावा 250 वर संपला, तिथे 230 गेले. दहापैकी नऊ वेळा जिंकूनही 50 रुपयांचा तोटा, खर्च वेगळाच. प्रीमियम 30 असता, तर याच दहा सौद्यांत 50 रुपये नफा झाला असता. किती ऑप्शन शून्य झाले यापेक्षा काय भावाने विकले आणि उरलेल्यांत किती गेले, हे बघायला हवे. शिवाय बाजारभावापासून खूप दूरच्या स्ट्राइकचे ऑप्शन मुळात स्वस्त असतात, कारण ते शून्य होण्याची शक्यता भावात आधीच धरलेली असते. अशा ऑप्शनांची नुसती मोजणी केली की टक्का आपोआप फुगतो.

सेबीच्या सप्टेंबर 2024 च्या अभ्यासात तीन आर्थिक वर्षांत मिळून फ्युचर्स-ऑप्शनचे सौदे करणारे 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात निघाले. तो आकडा लोकांच्या नफ्यातोट्याचा आहे, ऑप्शनच्या शेवटच्या किमतीचा नाही. विकणे फायद्याचे असते, हे त्यातून सिद्ध होत नाही.

म्हणून विनंती, की विक्रीचा सल्ला छापताना ‘जिंकलेल्या सौद्यांच्या’ टक्केवारीसोबत सर्वांत मोठा तोटा आणि अडकलेले मार्जिनही छापावे. पगारातून साठवलेले पैसे घेऊन बाजारात उतरणाऱ्या वाचकाला ते आधी दिसायला हवेत.

आपला,
एक वाचक, ठाणे