बक्षीस समारंभातलं भाषण

नागपूर

चि. अनिकेत यास, अनेक आशीर्वाद.

काल ताईच्या शाळेचा बक्षीस समारंभ होता. बारावीत पहिली आलेल्या मुलीला बोलायला उभं केलं. तिच्या आधी पाहुण्यांनी 'ईश्वरी देणगी' वगैरे सांगून झालं होतं. पोरगी माइकशी आली आणि म्हणाली, "माझं पाठांतर साधारण आहे. माझ्याकडे फक्त एक वही आहे आणि रविवारची सकाळ आहे." माझ्या शेजारच्या बाई पुटपुटल्या, "मुळातच डोकं आहे बाप्पा तिला!" असेलही. पण वहीबद्दल ती जे बोलली ते फिजिक्स शिकवणारी म्हणून मला नेमकं वाटलं, म्हणून तुला लिहितेय.

वही चुकांची. तिने एक उदाहरण सांगितलं. २५ मीटर उंच गच्चीवरून दगड २० मीटर प्रति सेकंद वेगाने सरळ वर फेकला, तर तो जमिनीवर कधी पडेल? g १० धरायचा. तिने विस्थापन +२५ घातलं आणि समीकरण आलं

t² − 4t + 5 = 0

वर्गमुळाखाली १६ वजा २०, म्हणजे उणे ४. उत्तरच निघेना. आपली बहुतेक मुलं इथे 'सिली मिस्टेक' असं लिहून पान उलटतात. तिने वहीत लिहिलं, "दिशा न ठरवता आकडे घातले." वरची दिशा धन धरली, तर जमीन गच्चीच्या खाली, म्हणून विस्थापन −२५. मग

t² − 4t − 5 = 0

आणि उत्तर ५ सेकंद.

त्याच्या खाली तिने आणखी एक ओळ लिहिली होती, आणि ती मला फार आवडली. चुकीचं समीकरण खरं तर विचारत होतं की दगड गच्चीच्या वर २५ मीटरवर कधी पोचेल. तो तर २० मीटरवरूनच परत फिरतो, म्हणजे कधीच नाही! गणित बरोबर सांगत होतं, प्रश्नच चुकीचा विचारला होता. पुढे कधी मुळाखाली उणे आलं की आकडेमोड परत करण्याआधी चिन्हं तपासायची, हे तिला तिथे कळलं.

दुसरा भाग रविवारचा. उत्तर झाकायचं, कोऱ्या कागदावर तेच गणित पुन्हा सोडवायचं. जमलं तर पुढची पाळी आठवड्यानं, मग तीन आठवड्यांनी. अडलं तर परत पहिल्यापासून. तीनदा न अडखळता सुटलं की त्यावर काट. गणितं सगळ्या धड्यांतून मिसळून काढायची, कारण धडा माहीत असला की सूत्रही आपोआप कळतं, आणि पेपरात कोणी धडा सांगत नाही.

पहिल्या आलेल्यांची भाषणं मी एरवी निम्म्यानेच घेते. तशीच वही ठेवून पंधरावा आलेल्याला माइक कोण देतो? पण झाकून आठवण्याचं तसं नाही, ते तपासलेलं आहे. अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो चार सत्रांत वाचला. काहींनी एका सत्रात वाचून पुढच्या तीन सत्रांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने पारडं फिरलं, वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवणाऱ्यांना ६१. हे २००६ साली छापून आलं.

फोनवर तू म्हणतोस ना, "आई, धडा तीनदा वाचला, सगळं येत होतं, पेपरात काहीच सुचलं नाही," ते हेच. येत होतं ते पाच मिनिटांपुरतं. वाचताना ओळखीचं वाटणं आणि कोऱ्या कागदावर उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दोन ठिकाणी ही वही फसते, माझ्या वर्गात रोज बघते. एक, मुलं त्यात सरांचं उत्तर रंगीत पेनांनी सुबक उतरवून काढतात. वही देखणी होते आणि आपण नेमके कुठे घसरलो तेच त्यात नसतं. दुसरं, जी संकल्पनाच कळली नाही तिचं गणित वहीत घालून उपयोग नाही. ते परत परत अडत राहतं. तिसऱ्यांदा त्याच पायरीवर अडलास, तर वही मिटून सरांकडे जा.

आता काम सांगते. मागच्या चाचणीची उत्तरपत्रिका फेकली नसशील, तर त्यातलं एकच चुकलेलं न्युमरिकल घे. कुठल्या ओळीला घसरलास ते एका वाक्यात लिही आणि फोटो पाठव. 'घाईत चुकलं' असं लिहिलंस तर परत पाठवीन. घाईत नेमकं काय सुटलं ते हवं.

बाबांनी दिवाळीचं तिकीट काढलं आहे. आल्यावर तर्री पोहे खायला जाऊ.

तुझी,
आई